शाही गाडीची आतली बाजू

जयपूरच्या झोटवाड्यात उगम कंवरचं नाव निघालं की शेजारणी डोळे मिचकावून म्हणायच्या, "तिचं काय बाई, तिचा नवरा महालात राहतो." उगम कंवर हसायची आणि विषय बदलायची. नवरा महालात राहत होता हे खरं होतं, पण तो महाल रुळांवर होता आणि त्याच्या आत पाऊल टाकायची मुभा तिला नव्हती.

मगसिंग त्या शाही गाडीत खिदमतगार होता. गाडी बुधवारी संध्याकाळी दिल्लीहून सुटायची आणि अख्ख्या राजस्थानला वळसा घालून, आग्रा करून पुढच्या बुधवारी सकाळी दिल्लीला परत यायची. चादरी बदलायच्या, फुलं बदलायची, पाहुणे बदलायचे, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा निघायची. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत हेच. मधे सुट्टी मिळाली तर नशीब. मे महिन्यात उन्हानं रूळ तापले, परदेशी पाहुणे आटले, की मगसिंग घरी यायचा, आणि पावसाळा संपेपर्यंत उगम कंवरचा संसार चालायचा. चार महिन्यांचा संसार! तेवढ्यात दोन मुलं झाली, वाढली, मुलीचं लग्न झालं, मुलगा सुरतेला कापडाच्या दुकानात लागला. कसं झालं हे तिलाही कधी कळलं नाही.

खरी गंमत, गंमत कसली, छळच म्हणा, तो गुरुवारचा. दर गुरुवारी ती गाडी जयपूरला यायची. म्हणजे नवरा तिच्याच गावात दिवसभर असायचा आणि घरी येऊ शकत नसायचा. उगम कंवर सकाळीच धुतलेले, कडक इस्त्रीचे अंगरखे आणि बाजरीच्या भाकऱ्यांचा डबा घेऊन स्टेशनवर जायची. फलाटावर लाल गालिचा अंथरलेला असायचा, सनई वाजत असायची, गोऱ्या बायकांच्या कपाळांवर कुंकू लागत असायचं. पाहुणे बसमधे बसून गेले की मगसिंग दारात यायचा. ती खालून पिशवी द्यायची, तो वरून मळके कपडे द्यायचा. दोन शब्द सुपारी कातरल्यासारखे तुटक व्हायचे. त्याच्या पाठीमागे तिला पितळेची कडी, मखमली पडद्याची एक कड आणि लाकडी भिंतीचा चमकणारा तुकडा दिसायचा. तेवढंच. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी आत यायचं नाही असा नियम होता, आणि मगसिंग नियमाला असा चिकटलेला की विचारायची सोय नव्हती.

मग मे महिन्यात तो घरी आला की अंगणात खाट टाकून गोष्टी सांगायचा. आणि सांगायचा तरी कशा! जैसलमेरचा किल्ला संध्याकाळी कसा मधात बुडवल्यासारखा पिवळा होतो, आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं, उदयपूरच्या तळ्यात होडी निघाली की महाल कसा पाण्यात हलतो, चितोडच्या विजयस्तंभाच्या पायऱ्या चढताना श्वास कसा कोंडतो. शेजारपाजारची मंडळी माना डोलवायची. उगम कंवर पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळायची: हा माणूस जिथं राहतो, झोपतो, जिथल्या खिडकीतून हे सगळं बघतो, ती जागा एकदा आतून बघायची. किल्ले-बिल्ले गेले खड्ड्यात. तिला ती गाडी हवी होती. आपल्या वाट्याचं सगळं आयुष्य जिनं खाल्लं, ती सवत दिसते तरी कशी, हे तिला बघायचं होतं.

गेल्या एप्रिलमधे मगसिंग निवृत्त झाला. निवृत्तीचे पैसे पावसाळ्यानंतर आले. खूप नव्हते, गाडी पर्यटन खात्याची, माणसं ठेक्यावरची, त्यामुळं रेल्वेचा पास नाही की पेन्शन नाही. शेजारच्यांना वाटायचं मगसिंगला जन्मभर रेल्वे फुकट असणार, आणि तो त्यांचा गैरसमज कधी मोडत नसे. तर पैसे आले आणि उगम कंवरनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. म्हणाली, मला त्या गाडीत बसायचंय. पाहुणी म्हणून.

मगसिंगला घाम फुटला. त्यानं किंमत सांगितली. तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं हा टाळतोय. मग त्यानं वेगळा सूर लावला. म्हणाला, त्या गाडीत पैसा उधळण्यापेक्षा आपण साध्या गाडीनं तोच फेरा करू, तीच गावं, तेच किल्ले, दहाव्या हिश्श्यात होईल, आणि मी स्वतः तुला सगळं दाखवीन. मी दाखवीन म्हणाला तो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण बोलून बसला आणि मग त्याला त्यातून निघता येईना.

उगम कंवर म्हणाली, ठीक आहे, मग जाणकाराला विचारू.

जाणकार म्हणजे पारस लूणिया. स्टेशनजवळ एका गल्लीत त्याचं प्रवासाचं ऑफिस होतं, जेमतेम दोन टेबलं मावतील एवढं. शाही गाडीची आरक्षणंही करायचा आणि गरिबांच्या तिकिटांसाठी सकाळी सकाळी संगणकासमोरही बसायचा. मगसिंगला तो लहानपणापासून ओळखत होता. दोघं आत आली तसा उठून उभा राहिला, "खम्मा घणी काकोसा," म्हणाला, काकीसांना पंख्याखालची खुर्ची दिली, चहा सांगितला.

मगसिंगनं घसा खाकरला आणि ऐटीत सांगून टाकलं की तुझ्या काकीला हिशेब समजावून सांग, शाही गाडी आणि साधी गाडी, फरक किती ते.

पारसनं आधी शाही गाडीचं पत्रक पुढं केलं. उगम कंवरला वाचता येत होतं, पण बारीक अक्षर दिसेना, म्हणून तोच सांगू लागला. भाव असतो तो एका माणसाचा, एका रात्रीचा, आणि तोही दोघांनी मिळून एक खोली घेतली तर. एकटा माणूस असेल तर त्याला खोलीचा जास्तीचा भार पडतो. सप्टेंबर आणि एप्रिलमधे जरा कमी, ऑक्टोबर ते मार्च चढा. हंगामातला भाव धरला पंचेचाळीस हजार, तर दोघांचे सात रात्रींचे सहा लाख तीस हजार, वर पाच टक्के कर. म्हणजे साडेसहा लाखांच्या पुढं.

उगम कंवरनं चहाचा कप खाली ठेवला. नवरा खोटं बोलत नव्हता हे तिला कळलं, आणि त्याचं तिला बरं वाटण्याऐवजी वाईट वाटलं. खोटं बोलला असता तर आशेला जागा होती.

"आणि त्यात देतात काय एवढं?" तिनं विचारलं.

"काकोसाच सांगतील," पारस हसून म्हणाला. "माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहिती."

झालं! मगसिंगची छाती फुगली. तो जो सुटला! सकाळी खोलीत चहा आणि बिस्किटं, मग न्याहारीला सांगाल ती अंडी, फळं, पोहे, इडली. रात्री चार पदार्थांचं जेवण, राजस्थानीही आणि गोऱ्यांचंही. रोज धुतलेली चादर, रोज दोन टॉवेल, पलंग दिवसातून दोनदा नीट लावणं, संध्याकाळी उशीवर चॉकलेट. खोलीला स्वतःचं न्हाणीघर, गरम पाणी. सामान उचलायला माणूस, चोवीस तास हाकेला खिदमतगार. दारूचे पैसे वेगळे, कपडे धुण्याचे वेगळे, मालिशचे वेगळे. आणि बक्षिसी धरलेली नसते, ती पाहुण्याच्या खुशीवर. शेवटच्या दिवशी पेटीत पडते आणि सगळ्यांत वाटली जाते. हे सांगताना त्याचे हात हवेत चादर झटकत होते. उगम कंवर त्याच्या हातांकडं बघत राहिली. घरी या माणसानं कधी उशीला अभ्रा घातला नव्हता.

"आता साधी गाडी," मगसिंग म्हणाला. "मी मांडून आलोय मनात. वातानुकूलित टू टियरची तिकिटं, सगळे टप्पे मिळून दोघांचे सोळा हजार. साधं हॉटेल रात्रीचं अडीच हजार, सहा रात्री, पंधरा. जेवणखाण पंधरा. सेहेचाळीसमधे सगळा फेरा. बोल पारस, चुकलं काही?"

पारसनं पेन टेबलावर आडवं ठेवलं. काकोसांची चूक दाखवावी की नाही, असा त्याचा चेहरा झाला. मग धंद्याचा माणूस जिंकला.

"हुकम," तो अदबीनं म्हणाला, "तुम्ही तिकीट समोर ठेवलंत, पॅकेज समोर ठेवलं नाही. लोक इथंच फसतात. शाही गाडी म्हणजे नुसती गाडी नाही. हॉटेल आहे, खानावळ आहे, आणि दिवसभराची बस, वाटाड्या, किल्ल्यांची तिकिटं, तळ्यातली होडी, वाळवंटातला उंट, रणथंभोरची जीप, महालातलं दुपारचं जेवण, सगळं त्या भावात आहे. मग इकडच्या बाजूलाही ते सगळं धरायला नको का? तुम्ही रात्रींचा हिशेब केलात. दिवस सोडून दिलेत."

पारस आपला सांगत सुटला. धंद्याची गोष्ट निघाली की त्याला भान राहत नसे. आणखी एक, तो म्हणाला, शाही गाडी पाहुणे झोपलेले असताना पळते. उदयपूरला रात्री झोपला, जैसलमेरला उठला. साध्या माणसाला उदयपूर ते जैसलमेर सोयीची गाडी नाही. जोधपूरपर्यंत बस किंवा टॅक्सी, मग रात्रीची गाडी धरायची. जिथं रात्र गाडीत जाईल तिथं हॉटेलचे पैसे वाचतात हे खरं, पण सात रात्रींचा फेरा नऊ-दहा दिवसांवर जातो. साठीची सवलत होती, तीही करोनापासून बंद झाली. आणि तुलना बरोबरीची करायची तर हॉटेलही महालाचंच धरायचं, दारात गाडी-ड्रायव्हर धरायचा. तसं धरलं तर साध्या रेल्वेनंही साडेतीन-चार लाख कुठं गेले नाहीत. फरक उरतो, पण तुम्ही समजता तेवढा नाही. आता आपल्याला महाल नकोय, साधंच करायचंय, तर साधंच धरू. फक्त दिवस धरू.

त्यानं कागद ओढला. "जैसलमेरपासून घेतो. काकोसा, स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत रिक्षा किती घेते आता?"

मगसिंग पंख्याकडं बघत म्हणाला, "असेल... शंभर."

"आणि किल्ल्यात वर रिक्षा जाते का, की चढावं लागतं? काकीसांचे गुडघे आहेत म्हणून विचारतो."

"चढावं... म्हणजे जाते वाटतं थोडी वर."

"बोटीचं तिकीट उदयपूरला कुठून काढायचं, आतून की घाटावरून?"

मगसिंगचा चेहरा पत्र्याच्या डब्यासारखा बंद झाला. पारसला वाटलं म्हातारा विसरला. पण उगम कंवर त्याच्याकडं बघत होती, आणि तिच्या मनात मे महिन्यांतल्या सगळ्या गोष्टी एकेक करून उलगडत होत्या. अरुंद गल्ल्या. पाण्यात हलणारा महाल. विजयस्तंभाच्या पायऱ्या. या माणसाला चादरींचा हिशेब आणा-पैपर्यंत येतो, आणि किल्ल्याच्या दाराशी काय आहे ते येत नाही. पाहुणे सकाळी बसमधे बसून जातात. मग खिदमतगार कुठं असतो? ती स्वतःच तर गुरुवारी बघत होती, कुठं असतो ते! दारात, डब्यात, मळक्या चादरी गोळा करत. जयपूरलाही आणि सगळीकडेच. इतकी वर्षं तिला हे सुचलं कसं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

राग आला का तिला? आला. पण तो पारससमोर काढण्याइतकी ती कच्ची नव्हती. तिनं पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "पारस बेटा, त्यांना काय विचारतोस. ते साहेब लोकांच्या बरोबर बसनं जायचे, त्यांना रिक्षाचा भाव कुठनं माहीत असणार? तू तुझ्या अंदाजानं लिही."

पारसनं लिहिलं. दिवस धरले तर साधा फेराही ऐंशी हजारांच्या आसपास गेला. उगम कंवर म्हणाली, विचार करून सांगते, आणि उठली.

बाहेर गल्लीत दुपारचं ऊन होतं. दोघं बसथांब्याकडं चालू लागली. मगसिंग म्हणाला, "तू माझी लाज राखलीस."

"मग काय करू, वाटेवर टाकू?" ती म्हणाली. "एकदा तरी उतरला होतात का कुठं?"

तो चालता चालता थांबला. सांगू लागला, तेही तुकड्या-तुकड्यांत. पाहुणे गेले की खोल्या करायच्या, न्हाणीघरं घासायची, पाणी भरून घ्यायचं, मैल्याच्या टाक्या उपसायला माणसं येतात त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. तोवर पाहुणे परत. संध्याकाळी दमून यायचे, गरम टॉवेल आणि सरबत हातात दिलं की बोलायला लागायचे. एका म्हाताऱ्या बाईनं त्याला किल्ल्यातल्या गल्लीत भिंतीला कसं चिकटावं लागलं ते सांगितलं होतं. होडीचं एका नवपरिणीत जोडप्यानं. पायऱ्यांचं एका दमेकरी साहेबानं. त्यानं ते सगळं साठवलं आणि मे महिन्यात घरी आणलं. दुसरं काय आणणार होता? आणि एकदा सांगून बसल्यावर पुढच्या वर्षी नाही कसं म्हणायचं?

"मला वाटायचं तू खूष होतेस," तो म्हणाला.

उगम कंवरला रडू आलं आणि तिनं ते पदरात पुसलं. गावाच्या भर रस्त्यात. एवढी वर्षं ती समजत होती की तिच्या वाट्याचा माणूस, सणवार, थंडीतल्या संध्याकाळी सगळ्या त्या किल्ल्यांनी आणि तळ्यांनी खाल्ल्या. निदान त्याच्या तरी पदरात काही पडलं असेल. त्याच्याही पदरात काही पडलं नव्हतं. मग गेलं कुठं ते सगळं?

बसमधे बसल्यावर तिनं विचारलं, "सगळा फेरा मला नको. वाघ नको, ताजमहाल नको. एकच गाव सांगा. तुम्हाला कुठलं बघायचं होतं?"

त्याला विचार करावा लागला नाही. "जैसलमेर," तो म्हणाला. "तो दिसतो गाडीतून. लांबून."

ठरलं तर मग. पारसनं जयपूर-जैसलमेर रात्रीच्या गाडीची तिकिटं काढून दिली, आणि मगसिंगनं हट्ट धरला की शनिवारीच निघायचं. का, ते सांगेना. उगम कंवरला कळत होतं. शाही गाडी रविवारी जैसलमेरला असते. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं कुणाला तरी फोन केला, अंगणात जाऊन, दबक्या आवाजात.

रात्रीच्या प्रवासात तिला झोप लागली नाही. मगसिंगला मात्र सवय होती. पण पहाटे जाग आल्यावर ती बघते तर तो उठून तिची चादर नीट खोचत होता, पायांशी, कोपरे दुमडून, जशी पाहुण्यांची खोचत असेल तशी. तिनं डोळे मिटून घेतले. चहावाल्याला थांबवून त्यानं कप आणले, बिस्किटं कागदावर मांडली आणि जरा वाकून म्हणाला, "सुप्रभात हुकम." ती हसली, आणि मग तिला इतकं भरून आलं की चहा गारच झाला.

जैसलमेरला दोघं उतरली तेव्हा उन्हं वर आली होती. पलीकडच्या फलाटावर शाही गाडी उभी होती. गालिचा अंथरलेला होता, पाहुण्यांच्या बसगाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या. मगसिंगचा वेश साधा, धोतर-कुर्ता आणि डोक्यावर घरचा साफा. तरी त्याची चाल एकदम बदलली, पाठ ताठ झाली. त्याच्या जागी आता हिंमतराम नावाचा तरुण खिदमतगार होता. दारातूनच त्यानं वाकून नमस्कार केला. व्यवस्थापकाला मगसिंगनं शुक्रवारीच फोनवर विचारून ठेवलं होतं. पाहुणे यायच्या आत, पंधरा मिनिटं, कशालाही हात न लावता.

"या काकीसा," हिंमतराम म्हणाला. "तुमच्या हातच्या भाकऱ्यांबद्दल लई ऐकलंय."

उगम कंवर चढली. आयुष्यात पहिल्यांदा. आत थंड होतं आणि चंदनाचा वास होता, मगसिंगच्या मळक्या अंगरख्यांना यायचा तोच वास. इतके दिवस तिला वाटायचं तो धोब्याकडच्या साबणाचा आहे. मगसिंग तिला दाखवू लागला. ही बैठकीची खोली, हे पितळी दिवे, हा पलंग, हे बघ आरशाचं काम. ती बघत होती, हो हो म्हणत होती, पण तिची नजर काहीतरी दुसरंच शोधत होती.

"तुमची जागा कुठली?" तिनं विचारलं.

"माझी?"

"तुम्ही झोपायचात कुठं?"

मगसिंगनं हिंमतरामकडं पाहिलं. हिंमतरामनं मान खाली घातली. डब्याच्या टोकाला, चहाच्या किटल्या आणि चादरींच्या फळीच्या मधे एक अरुंद बोळ होता. तिथं भिंतीला एक फळी होती, दुमडून वर लावलेली. मगसिंगनं ती खाली ओढली. कूस बदलली तर माणूस पडेल एवढी रुंदी. पाय लांब केले तर किटलीला लागणार.

उगम कंवर तिच्यावर बसली. हात फिरवला. लाकूड मधोमध गुळगुळीत झालं होतं. डोक्याशी एक छोटी खिडकी होती, पाटीएवढी, काचेची. तिनं वाकून पाहिलं. रूळ, फलाटाचं छप्पर, आणि त्याच्या वर, लांब, उन्हात पिवळा पडलेला किल्ला. मूठभर.

"इथूनच?"

"इथूनच," मगसिंग म्हणाला. "चादरी दुमडताना बघायचो."

तिनं ती सवत शेवटी पाहिली होती. आरसे नाहीत, मखमल नाही. एक फळी आणि एक काच. हिच्यावर राग धरायचा तरी कसा? आपण घरी एकट्या पडून राहायचो तेव्हा हा इथं असाच पडून राहायचा, पाय आखडून, आणि दोघांनाही वाटायचं दुसरा बरा आहे. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि फळीवर थोडं सरकली. तो बसला नाही. ड्यूटीच्या डब्यात बसायची त्याला सवय नव्हती.

हिंमतराम म्हणाला, वेळ झाली. तशी ती उठली. दाराशी आली. मगसिंग पुढं सरसावला, पायरीखाली लाकडी चौरंग नीट आहे ना ते वाकून बघितलं, तिच्या हाताला आधार दिला आणि तिला अलगद फलाटावर उतरवलं. गुडघे दुखले, पण ती उतरली. चार पावलं चालली. तिला वाटलं तो बरोबर आहे. बाजूला पाहिलं तर कुणी नाही.

ती वळली. मगसिंग दारातच उभा होता, हात जोडून, मान किंचित झुकवून, चेहऱ्यावर पाहुण्यांना निरोप देतानाचं ते हसू. आपण तसे उभे आहोत हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. तो तिच्या पलीकडं, छपराच्या वर, किल्ल्याकडं बघत होता.

उगम कंवर परत आली. चौरंगाशी उभी राहिली आणि तिनं आपला हात वर केला.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही पण उतरा."